इयत्तेचा रकाना

माझं अक्षर वाईट आहे, स्वयंपाक बेताचा आहे, पण तक्ते भरण्यात माझा हात धरणारं तालुक्यात कोणी नाही अशी माझी पक्की समजूत होती. शाळेतली हजेरी असो, पोषण आहाराची नोंद असो, रकाना दिसला की मला तो भरल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणून तालुक्यातल्या शिक्षकांनी मिळून व्याकरणाचे छोटे पाठ जिल्ह्यातल्या शाळांच्या टॅबसाठी तयार करायचे असं ठरलं, तेव्हा पाठांच्या मेटाडेटाचं काम मी आपणहून अंगावर घेतलं. बाकीच्यांना ते कंटाळवाणं वाटत होतं. मला त्यांची कीव आली होती.

मेटाडेटा म्हणजे पाठाची कुंडली, असं मी नव्या शिक्षकांना सांगायची. पाठ कितीही सुंदर असो, त्याची कुंडली भरली नाही तर टॅबला तो सापडतच नाही. एका पाठाची एक ओळ. पाठ क्रमांक, इयत्ता, विषय, घटक, नियम, उदाहरण वाक्ये, शोधशब्द, तयार करणाऱ्याचं नाव, तपासणाऱ्याचं नाव. मुलाने टॅबवर आपली इयत्ता निवडली की टॅब फक्त इयत्तेचा रकाना बघतो आणि तेवढेच पाठ समोर मांडतो. आत काय शिकवलंय हे त्याला कळत नाही. तुम्ही जे लिहाल ते तो खरं मानतो.

मी डहाणूजवळच्या किनाऱ्यावरच्या एका गावात शिकवते. शाळा सातवीपर्यंत. माझ्या वर्गातली निम्मी मुलं मासळी पकडणाऱ्या घरांतली, काही चिकूच्या वाडीवाल्यांची. घरी एक बोली, बाजारात गुजराती, टीव्हीवर हिंदी आणि वर्गात माझी मराठी. पुस्तकातलं 'राम आंबा खातो' ही मुलं घडाघडा म्हणतात आणि तितक्याच घडाघडा विसरतात. म्हणून मी वर्गात एक डबा ठेवला आहे. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, झाकणाला चीर पाडलेला. रोज प्रत्येकाने आपल्या घरातलं एक वाक्य चिठ्ठीवर लिहून त्यात टाकायचं, खाली नाव घालायचं. शनिवारी डबा उघडायचा, आणि त्या आठवड्यात जो नियम शिकवला असेल त्याची उदाहरणं त्या चिठ्ठ्यांतून शोधायची. आपलं वाक्य फळ्यावर आलं की पोरं फुगून बसतात. नियमही डोक्यात राहतो.

मेटाडेटा भरताना मी उदाहरणं त्या डब्यातूनच घेतली. अव्ययांचे चार पाठ होते, सगळे सातवीचे: क्रियाविशेषण, शब्दयोगी, केवलप्रयोगी आणि शेवटी उभयान्वयी. त्या शेवटच्या पाठाच्या नियमाच्या रकान्यात मी लिहिलं: 'दोन शब्द किंवा दोन वाक्ये जोडणाऱ्या अविकारी शब्दाला उभयान्वयी अव्यय म्हणतात.' उदाहरणं किमान तीन हवी होती.

'ऊन पडलं आणि आजीने बोंबील वाळत घातले.'

'आमची मांजर तीन पायांची आहे, पण म्हावरं पळवण्यात पहिली.'

'बाबांचा फोन आला असं आई मामाकडे राहणाऱ्या ताईला सांगते, पण फोन आलाच नाही.'

दुसरी आणि तिसरी चिठ्ठी एकाच मुलीची होती. सातवीतली, पुढच्या बाकावर बसणारी, बडबडी. तिचं नाव मी काढून टाकलं, कारण उदाहरणांत मुलांची खरी नावं येऊ नयेत अशी आम्हाला सूचना होती आणि सूचना पाळण्यात तर मी पहिली. तिसऱ्या वाक्यावर मी क्षणभर हसलेही. इथे घरोघरी बाप आठ महिने गुजरातच्या बोटीवर असतो, खोल समुद्रात रेंज नसते, आणि आया पोरांची अशी समजूत घालतातच. त्यात मला नवल वाटलं नाही. 'पण'साठी इतकं नेमकं वाक्य शोधून मिळालं नसतं, याचाच आनंद झाला.

मग इयत्तेचा रकाना. पहिल्या ओळीत 'इयत्ता 7' असं लिहिलं. चारही पाठ सातवीचेच, म्हणून तोच मजकूर खालच्या तीन ओळींत ओढला. माऊसने कोपरा धरून खाली ओढायचा, झालं. शेवटी मी आवरून, चहा करून, फाइल पाठवून दिली. तपासणाऱ्या सरांनी दोन दिवसांत नियम वाचले, वाक्यं वाचली, 'उदाहरणे उत्तम' असा शेरा दिला. मी तो शेरा नवऱ्याला दोनदा वाचून दाखवला.

पाठ टॅबवर गेले आणि मी ते विसरले.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी ती बडबडी मुलगी गप्प झाली. डब्यात तिची चिठ्ठी येईना. विचारलं तर म्हणे, "लिहायला काय नाय बाई." मी तिच्या आईला निरोप धाडला. आई दारोदार म्हावरं विकते, सकाळची फेरी आटोपून रिकामी टोपली घेऊनच शाळेत आली. व्हरांड्यात खांबाला टेकून खाली बसली, खुर्ची दिली तरी बसेना.

"बाई, पोरीला रागावू नका," ती म्हणाली. "तिला घरात जड झालंय. तिच्या बाबाची बोट पकडली."

मला आधी समजलंच नाही. मी विचारलं, "कोणी पकडली?"

"पलीकडच्यांनी. बोटीच्या शेठचा फोन आला. बोट हद्दीच्या पार गेली म्हणतात, सगळे खलाशी धरून नेले. कराचीला असतील म्हणतात. महिना झाला. पत्र येतं कधी कधी, म्हणतात. अजून तरी नाय आलं." हे सगळं ती खालच्या मानेने, टोपलीच्या कडेची काडी तोडत सांगत होती. मग एकदम वर बघून म्हणाली, "मोठीला सांगितलं नाय. दहावी आहे तिची. परीक्षा तोंडावर आली. मामाकडे राहते तलासरीला, तिथे भावालापण सांगून ठेवलंय, तोंड उघडू नको. मी दर रविवारी फोन करते तिला. बाबा फोनवर काय बोलले ते सांगते."

"काय सांगता?"

"हेच, अभ्यास कर, गणित नीट कर. तो असता तर हेच बोलला असता ना." तिने पदराने तोंड पुसलं. "परीक्षा होऊ दे. मग सांगेन. तुम्हीपण काय बोलू नका बाई. तुमची विद्यार्थिनी ती."

"नाही बोलणार," मी म्हणाले. मोठी माझ्या हाताखालून गेलेली, सातवीपर्यंत. व्याकरणाची चूक दिसली की हात वर करणारी. मलाही सोडायची नाही.

आई निघून गेली आणि मी टेबलाशी आले तेव्हा ते वाक्य माझ्या डोक्यात उभं राहिलं. 'बाबांचा फोन आला असं आई मामाकडे राहणाऱ्या ताईला सांगते.' पोरीने एकटीने सांभाळलेलं दुःख डब्यात टाकलं होतं, आणि मी त्यातला 'पण' तेवढा उचलला होता. मला माझीच लाज वाटली.

मग मी स्वतःला समजावलं. पाठ सातवीचा आहे. ताई दहावीत आहे. दहावीची पोर सातवीचे पाठ कशाला उघडेल? तरीही वाक्य काढून टाकावं म्हणून मी फाइल उघडली. इयत्तेचा रकाना मी अरुंद ठेवला होता, त्यात नुसतं 'इयत्ता' दिसायचं, पुढचा आकडा शेजारच्या रकान्याखाली झाकलेला. आजवर मला त्याचं काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी मी रकाना रुंद केला.

इयत्ता 7. इयत्ता 8. इयत्ता 9. इयत्ता 10.

मजकुराच्या शेवटी आकडा असला की खाली ओढताना संगणक तो एकेकाने वाढवतो, हे मी स्वतः दोन प्रशिक्षणांत इतरांना शिकवलेलं आहे. पाठ क्रमांक तसेच तर भरले होते. उभयान्वयीचा पाठ चौथ्या ओळीत होता. तो सरळ दहावीच्या टॅबवर गेला होता, तालुक्या-तालुक्यातल्या, तलासरीच्याही. आणि तिसऱ्या वाक्याच्या आधी तीन पायांची मांजर होती. नाव काढलं म्हणून मी स्वतःची पाठ थोपटली होती. पण त्या घरची मांजर किती पायांची हे ताईपेक्षा जास्त कोणाला ठाऊक असणार?

मी सरांना फोन लावला. मंजूर झालेली ओळ मला बदलता येत नव्हती, दुरुस्तीची विनंती पाठवावी लागे. सर म्हणाले, "मॅडम, एवढं काय घाईचं? सातवीचा पाठ दहावीला गेला तर उजळणीच होईल की. पुढच्या फेरीत करू."

"सर, आज करा," मी म्हणाले. कारण सांगता येईना. "एका मुलीच्या घरचं आहे ते वाक्य."

मग ते म्हणाले, "पाठवा. बसतो आत्ताच." संध्याकाळपर्यंत त्यांनी इयत्ता बदलली, वाक्य काढलं, आणि वर सांगितलं, "एक लक्षात घ्या, ज्या शाळांनी पाठ आधीच उतरवून घेतलाय त्यांच्या टॅबवर जुनाच राहील. टॅब नेटला जोडला की मगच नवा येईल."

त्या रात्री मला झोप लागली नाही, एवढंच सांगते. नवऱ्याने विचारलं तर त्याच्यावरच खेकसले.

दुसऱ्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. मुलांना सोडलं आणि रिक्षाने डहाणू, तिथून तलासरीची एसटी. रस्ताभर मी एकच हिशेब घालत होते: टॅब कपाटातच असतील. दहावीला आता कुठे टॅब, आता तर सराव परीक्षा. नेट नसेल तर उतरवलेच नसतील. एसटी वळणावळणाने चालली होती, मध्येच थांबून चिकूच्या पाट्या चढवत होती, आणि मला कंडक्टरचा, चिकूचा, सगळ्यांचाच राग येत होता. खरा राग कोणाचा ते मला माहीत होतं. हायवे लागला तसा ट्रकांचा आवाज सुरू झाला आणि मी पिशवी छातीशी घट्ट धरून बसले.

शाळा सुटली होती, पण दहावीचे जादा तास चालू होते. मराठीच्या बाई ओळखीच्या निघाल्या, प्रशिक्षणात भेटलेल्या. मी म्हटलं, एका पाठात माझी चूक झालीय, टॅब तेवढे नेटला जोडून घ्यायचे आहेत.

"अव्ययांचा का?" त्या हसल्या. "परवाच लावला होता मी उजळणीला. ती तीन पायांची मांजर! मुली हसून हसून बेजार झाल्या."

मी विचारलं, "सगळ्याच हसल्या?"

"एक सोडून. ती तुमच्याच गावची. ती म्हणे, बाई, हा पाठ सातवीचा आहे, दहावीला चुकून आलाय. हुशार आहे. मी म्हटलं, टॅबवरच नोंदव तक्रार, तशी सोय आहे ना. तिने नोंदवली. पण नेट कुठे होतं, टॅबमध्येच पडून असेल."

त्यांनी कपाट उघडलं. सात टॅब होते. त्यांनी आपल्या फोनचं नेट चालू केलं आणि एकेक टॅब जोडला. पडद्यावरचं चक्र फिरत राहिलं. एकेका टॅबवर दहावीच्या यादीतून माझा पाठ नाहीसा झाला. पाचव्या टॅबवर तो नाहीसा झाला आणि त्याच वेळी माझ्या पर्समधला फोन वाजला. तयार करणाऱ्याच्या रकान्यात नाव माझंच, त्यामुळे तक्रार माझ्याकडेच यायची होती.

'इयत्ता चुकली आहे. पाठ सातवीचा आहे, दुरुस्त करावा. वाक्य क्र. ३ खरे आहे का?'

खाली उत्तरासाठी चौकट होती आणि कार्यवाहीचे तीन पर्याय: दुरुस्त केले, दुरुस्तीची गरज नाही, प्रलंबित. आयुष्यभर रकाने भरणारी मी त्या चौकटीकडे नुसती बघत राहिले. त्यात काही लिहिलं तर ते शाळेच्या टॅबवर येणार, कोणीही वाचणार.

तास सुटला. मुली बाहेर पडल्या. ती सगळ्यांत मागे होती, उंच झालेली, दोन वेण्यांची एक झालेली. मला बघून ती थांबली. दचकली नाही. मी येणार हे तिला माहीतच असल्यासारखं वाटलं मला.

"नमस्ते बाई," ती म्हणाली. "इयत्ता दुरुस्त झाली?"

"झाली," मी म्हणाले.

"आणि दुसरं विचारलेलं?"

आम्ही पाण्याच्या टाकीजवळ उभ्या होतो. मी तिच्या आईला शब्द दिला होता. पण या मुलीने सात वर्षं माझ्यावर विश्वास ठेवला होता, आणि ती माझ्या तोंडाकडे सरळ बघत होती. मला खोटं बोलता आलं नाही. मी म्हणाले, "खरं आहे."

"बाबा आहेत ना पण?"

"आहेत. बोट पकडली, सगळ्यांना धरून नेलं. कराचीला आहेत म्हणतात. आई पत्राची वाट बघतेय."

"कधीपासून?"

"महिना झाला, आई म्हणाली."

तिने बोटांवर मोजलं. ओठ हलत होते. मग म्हणाली, "म्हणजे चार रविवार. चारही वेळा बाबांनी गणिताचं विचारलं." ती हसायला गेली आणि तिचा चेहरा वाकडा झाला. मी तिला जवळ घेतलं. ती आवाज न करता रडली, फार वेळ नाही, मागून मुली येत होत्या. मग तिने नळाखाली तोंड धुतलं, ओढणीने पुसलं.

"माझी चूक झाली ग," मी म्हणाले. "मी ते वाक्य घ्यायला नको होतं. रकानाही बघायला हवा होता."

"बाई, आईला सांगू नका मला कळलंय ते," ती म्हणाली. "ती रविवारी फोन करते ना, तेव्हा बाबा काय बोलले ते सांगताना तिचा आवाज वेगळा लागतो. जरा बरी असल्यासारखा. मी परीक्षा देईन. नीट देईन. तोपर्यंत ती सांगेल, मी ऐकेन."

मी तिला विचारायला हवं होतं, की इतकं मनात ठेवून तुला पेपर लिहिता येईल का? मामीला तरी सांग, एखादीला सांग, असं म्हणायला हवं होतं. माझ्या तोंडून निघालं ते एवढंच, "मला फोन कर. कधीही." तिने वहीच्या मागच्या पानावर माझा नंबर लिहून घेतला. नाव लिहिलं नाही.

परतीच्या एसटीत मी तक्रार उघडली. कार्यवाहीत 'दुरुस्त केले' निवडलं. चौकटीत लिहिलं, 'इयत्ता दुरुस्त केली. कळवल्याबद्दल आभार.' दुसऱ्या प्रश्नाबद्दल काही लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारी तिची आई माझ्या दारात म्हावरं घेऊन आली. बांगडे होते. तिने ते साफ करायला घेतले, मग हात धुऊन म्हणाली, "जरा तुमच्या ओट्यावरून फोन लावू का? घरात धाकटी ऐकते, तिला रडू येतं." मी हो म्हटलं. ती ओट्याच्या पायरीवर बसली. मी आत कांदा चिरत होते, सगळं ऐकू येत होतं.

"हां, आला होता. सकाळीच आला होता बाबांचा. बरे आहेत. आवाज कसला छान येत होता आज! म्हणाले, पोरगी जेवते ना वेळेवर? गणित कसं चाललंय, विचारत होते." मग ती थांबली, पलीकडचं ऐकत राहिली. हसली. "हो हो, सांगते. पुढच्या वेळी आला की सांगते, तू काय म्हणालीस ते."

फोन ठेवून ती आत आली. चेहरा खरंच उजळला होता. सुरी उचलली, उरलेला बांगडा हातात घेतला.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणते, बाबांना सांग, माझं गणित पक्कं झालंय, काळजी करू नका, आणि लवकर या." तिने मान हलवली. "भोळी आहे हो पोर माझी. काय सांगाल ते खरं वाटतं तिला."

मी कांद्याचं ताट पुढे ओढलं आणि म्हणाले, "हो, भोळीच आहे."